२५ टक्क्यांची कॅप आणि हातात येणारी रक्कम: बुटीबोरीतल्या एका शेअर खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी कंपनीने बुटीबोरी एमआयडीसीतली एक पॅकेजिंग कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. सगळे शेअर्स घ्यायचे, किंमत २४ कोटी. त्यातले १८ कोटी क्लोजिंगच्या, म्हणजे शेअर्स प्रत्यक्ष नावावर होण्याच्या दिवशी द्यायचे आणि ६ कोटी पुढच्या दोन वर्षांत, एका मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डर टिकल्या तर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत. कलमांची रचना आणि आकड्यांमधली प्रमाणं मात्र तशीच ठेवली आहेत.

विक्रेते एकाच घरातले तिघं होते. थोरल्या भावाकडे ६० टक्के शेअर्स, धाकट्याकडे २५ टक्के आणि एका वयस्कर नातेवाईक बाईंकडे १५ टक्के. कारखाना प्रत्यक्षात धाकटा भाऊ आणि एक मॅनेजर चालवत. थोरले मुख्यतः बँक आणि ग्राहक सांभाळत. पुढे या वाटणीला महत्त्व येतं.

शेअर परचेस ॲग्रीमेंटचा मसुदा विक्रेत्यांच्या मुंबईच्या वकिलांनी पाठवला होता. मुख्य करार ९४ पानांचा, सोबत ११ परिशिष्टं आणि वेगळं डिस्क्लोजर लेटर, म्हणजे करारात खरं म्हणून सांगितलेल्या गोष्टींना कुठे अपवाद आहेत ते सांगणारं विक्रेत्यांचं पत्र. खरेदीदाराच्या बाजूने सिव्हिल लाइन्समधलं एक वकिली कार्यालय आणि कंपनीचे नेहमीचे सीए काम बघत होते. त्यांच्याकडे मागणी साधी होती. करारात विक्रेत्यांनी काय काय खरं म्हणून सांगितलंय, ते खोटं निघालं तर किती पैसे परत मिळतील आणि कधीपर्यंत मागता येतील, हे संचालकांना वाचता येईल अशा चार-पाच पानी जोखीम टिपणात मांडायचं. टिपण मराठीत, पण प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ कलमाचा क्रमांक आणि इंग्रजी शब्द जसेच्या तसे. ही अट बरोबरच होती. भाषांतरात एखादं ‘फक्त’ किंवा ‘त्या त्या विक्रेत्याला’ निसटलं तर लाखोंचा फरक पडतो, आणि तो मूळ शब्द शेजारी असल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

अडचण

पहिलं टिपण दोन दिवसांत तयार झालं. त्यात लिहिलं होतं: वॉरंटी ४१, कॅप किमतीच्या २५ टक्के म्हणजे ६ कोटी, बास्केट ६० लाख, किमान दावा ५ लाख, मुदत २४ महिने. वॉरंटी म्हणजे अमुक गोष्ट खरी आहे अशी विक्रेत्यांनी दिलेली हमी, कॅप म्हणजे भरपाईची कमाल मर्यादा, बास्केट म्हणजे एकूण नुकसान जिच्या वर गेल्याशिवाय काहीच मागता येत नाही ती रक्कम, आणि किमान दावा म्हणजे ज्याहून लहान असलेला एकेक दावा मोजलाच जात नाही तो आकडा. वाचायला अगदी स्वच्छ.

संचालकांनी ते वाचलं आणि बैठकीत एकच प्रश्न विचारला. “वकील साहेब, ते टक्के-बिक्के राहू द्या. उद्या खरंच पावणेतीन कोटींचा खड्डा निघाला, तर माह्या हातात किती येतील?”

टिपणात याचं उत्तर नव्हतं. खरं तर टिपणावरून निघणारं उत्तर चुकीचं होतं. पावणेतीन कोटी सहा कोटींच्या आत बसतात म्हणजे सगळे परत मिळतील, असंच कुणालाही वाटलं असतं. वकिलांनी दोन दिवस मागून घेतले आणि काम पहिल्यापासून सुरू केलं.

पहिल्या टिपणात काय निसटलं

सगळ्यात आधी फाइलचाच घोळ सापडला. करार पीडीएफ स्वरूपात होता आणि जबाबदारीच्या मर्यादा असलेलं आठवं परिशिष्ट मध्येच स्कॅन करून घातलेलं होतं. त्यावर विक्रेत्यांच्या वकिलांनी हाताने दुरुस्त्या केल्या होत्या, म्हणून ते स्कॅन झालं असावं. नुसत्या स्कॅन केलेल्या पानांत शोधता येईल असा मजकूर बहुधा नसतो. त्यामुळे शब्द शोधत काम करणाऱ्या कनिष्ठ वकिलाला ते परिशिष्ट दिसलंच नाही; टिपणातले आकडे मुख्य करारातूनच आले होते. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. शोधपेटीत `the` टाकायचं आणि कुठल्या पानांवर एकही निकाल येत नाही ते बघायचं. इंग्रजी करारातलं ‘the’ नसलेलं पान म्हणजे बहुधा चित्रच. त्या पानांचं ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं शोधता येईल अशा मजकुरात उतरवून घ्यायची, आणि आकडे डोळ्यांनी मूळ पानाशी ताडून बघायचे, कारण ओसीआरमध्ये दशांश चिन्ह गळतं आणि ५ चा ६ होतो.

पानं वाचता येऊ लागल्यावर दुसरी फेरी वेगळ्या शब्दांवर झाली. ‘cap’ हा शब्द या करारात कुठेच नव्हता, आणि बऱ्याच करारांत नसतो. मर्यादा घालणारी वाक्यं वेगळ्या शब्दांनी सुरू होतात:

```
notwithstanding|subject to|provided that|in the aggregate|shall not exceed|severally|sole remedy|set-off
```

या शोधातून ५८ जागा निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. सहा जागांनी मात्र पहिलं टिपण मोडीत काढलं.

व्याख्यांच्या कलमात ‘कन्सिडरेशन’चा अर्थ ‘त्या त्या विक्रेत्याला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम’ असा दिला होता. म्हणजे २५ टक्के २४ कोटींवर नाहीत, मिळालेल्या पैशांवर आहेत. क्लोजिंगनंतर उरलेले ६ कोटी दिले जाईपर्यंत कॅप साडेचार कोटीच.

जबाबदारी वेगवेगळी होती, सामायिक नव्हती. प्रत्येक विक्रेता आपापल्या टक्केवारीपुरताच देणं लागतो. बाईंच्या नावावर या शेअर्सशिवाय विशेष काही नव्हतं. त्यांचे १५ टक्के वसूल होतील असं धरून चालणं म्हणजे स्वतःलाच फसवणं होतं.

स्कॅन केलेल्या परिशिष्टात बास्केटबद्दल लिहिलं होतं की एकूण नुकसान ६० लाखांपेक्षा जास्त झालं तर ‘फक्त त्या वरच्या रकमेपुरती’ जबाबदारी. ही वजावटीची बास्केट झाली. दुसऱ्या प्रकारात ६० लाखांची रेघ ओलांडली की पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम मागता येते. पहिल्या टिपणाच्या साच्यात ‘बास्केट: किती?’ एवढाच रकाना होता, ‘कुठल्या प्रकारची?’ हा नव्हता. त्यामुळे ६० लाखांचा फरक एका रिकाम्या रकान्यात गडप झाला.

नुकसानीच्या व्याख्येत ‘अपील न करता येणाऱ्या अंतिम आदेशाने ठरलेलं’ असे शब्द होते. आणि तीन पानांपुढे, मुदतीच्या कलमात, दावा २४ महिन्यांच्या आत ‘प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीसाठी’ करावा असं होतं. दोन्ही कलमं वेगवेगळी वाचली तर ठीक वाटतात. एकत्र वाचली की करविषयक जवळजवळ कुठलाच दावा उभा राहत नाही, कारण कराचा वाद दोन वर्षांत शेवटाला जाणं दुर्मीळ.

डिस्क्लोजर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात ‘डेटा रूममधली सर्व कागदपत्रं जाहीर केली आहेत असं मानलं जाईल’ असं होतं. डेटा रूम म्हणजे विक्रेत्यांनी तपासणीसाठी खुली केलेली कागदपत्रांची साठवण. तिच्यात कामगारांच्या फोल्डरात कंत्राटी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीबाबत १९५२ च्या कायद्याच्या कलम ७अ खालची चौकशीची नोटीस पडून होती. म्हणजे कामगार कायद्याचं पालन झालं असल्याची वॉरंटी कागदावर भक्कम, पण नेमक्या ज्या गोष्टीची धास्ती होती तिच्यापुरती पोकळ.

सहावी जागा इंडेम्निटीपासून, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या कलमापासून खूप दूर, पैसे देण्याच्या कलमात होती. पुढचे ६ कोटी ‘कुठलीही वजावट किंवा वळती न करता’ द्यायचे. दावा असला तरी खरेदीदाराने आधी पैसे मोजायचे आणि मग मागत फिरायचं.

वॉरंटी काढण्याचा साचा

यानंतर ४१ वॉरंटींचा तक्ता नव्याने झाला. प्रत्येक ओळीत मूळ वाक्य, त्यातले सैल करणारे शब्द, कुठल्या तारखेला ते खरं असायला हवं, डिस्क्लोजर लेटरमध्ये त्याविरुद्ध काय आहे, ती कुठल्या गटात मोडते, आणि त्या गटाची कॅप, बास्केट व मुदत. गट तीन होते. शेअर्सची मालकी आणि करार करण्याचा अधिकार या मूलभूत वॉरंटी, कर, आणि उरलेल्या धंद्याच्या.

सैल करणाऱ्या शब्दांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘विक्रेत्यांच्या माहितीनुसार’ या शब्दांवर. ४१ पैकी १३ वॉरंटींत ते होते. ‘माहिती’ची व्याख्या बघितली तर ती ‘थोरल्या भावाला चौकशी न करता प्रत्यक्ष असलेली माहिती’ अशी निघाली. कारखाना मात्र धाकटा भाऊ आणि मॅनेजर चालवत होते. प्रदूषण मंडळाच्या संमतीच्या अटी पाळल्या जातात की नाही, यंत्रांची अवस्था काय, कंत्राटी कामगार किती, यातलं थोरल्यांना काहीच ठाऊक नाही असं म्हणणं सहज शक्य होतं, आणि ते कदाचित खरंही असतं. हा शब्द लिहिणाऱ्याचं कौतुकच करायला हवं.

रेप्रेझेंटेशन, वॉरंटी आणि इंडेम्निटी यांची टिपणात सरमिसळ होऊ नये, एवढंही इथे पाहिलं गेलं. रेप्रेझेंटेशन म्हणजे समोरच्याने करार करावा म्हणून केलेलं वस्तुस्थितीचं विधान. ते खोटं निघालं तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८ आणि १९ चा प्रश्न येतो, आणि १९ मध्ये एक अपवाद आहे: साधी काळजी घेऊन खरं काय ते कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करता येत नाही. ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीआधीची कसून तपासणी केलेल्या खरेदीदाराला हा अपवाद नडू शकतो. वॉरंटी मोडली तर कलम ७३ ची नुकसानभरपाई, तीत दूरचं नुकसान बसत नाही. इंडेम्निटी कलम १२४ ची, आणि तिची व्याप्ती मुख्यतः करारातल्या शब्दांवर ठरते. या मसुद्यात इंडेम्निटी हाच एकमेव उपाय असं कलम होतं, त्यामुळे बाकीच्या वाटा आधीच बंद होत्या. फसवणूक त्यातून वगळलेली आहे का, हे तेवढं बघायचं. इथे वगळलेली होती.

आकडे मांडल्यावर

संचालकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर एक नमुना लागतो. ड्यू डिलिजन्समध्ये जे सापडलं होतं त्यावरूनच तो बांधला. भविष्य निर्वाह निधीची थकबाकी व्याज आणि दंडासह ८५ लाख. २०२२-२३ च्या जीएसटीत चार पुरवठादारांची नोंदणी मागल्या तारखेपासून रद्द झालेली, त्यांच्या बिलांवर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, ९६ लाख, व्याज आणि दंड धरून १ कोटी ४० लाख. एका ग्राहकाचा दर्जाबद्दलचा संभाव्य दावा ३८ लाख. आणि सहा छोट्या बाबी, प्रत्येकी पाच लाखांच्या आत, मिळून २२ लाख. बेरीज २ कोटी ८५ लाख.

आता मसुदा जसाच्या तसा लावायचा. निधीचे ८५ लाख डेटा रूममध्ये जाहीर झालेले, गेले. सहा छोट्या बाबी पाच लाखांच्या किमान दाव्याखाली, गेल्या. एकाच कारणातून आलेले दावे एकत्र मोजण्याची सोय करारात नव्हती. उरले १ कोटी ७८ लाख. त्यातून बास्केटचे ६० लाख वजा, राहिले १ कोटी १८ लाख. थोरल्यांकडून ७० लाख ८० हजार, धाकट्यांकडून साडेएकोणतीस लाख, बाईंकडून १७ लाख ७० हजार. बाईंचे मिळाले नाहीत तर हातात साधारण एक कोटी.

ही चांगली बाजू झाली. जीएसटीचा वाद २४ महिन्यांत अंतिम झाला नाही तर ते १ कोटी ४० लाख मोजलेच जात नाहीत. मग उरतात फक्त ३८ लाख, ते ६० लाखांच्या बास्केटखाली. हातात शून्य.

या सगळ्या हिशेबात कॅपला कुठेही धक्का लागत नाही. साडेचार कोटींची असो की सहा कोटींची, दावा तिथवर पोचतच नाही. वाटाघाटीच्या पहिल्या दोन बैठका मात्र कॅप २५ टक्के की ५० टक्के यावरच गेल्या होत्या.

तोललेले पर्याय

किंमत कमी करून मागणं हा सगळ्यात सरळ पर्याय. विक्रेत्यांनी तो लगेच नाकारला, कारण जीएसटीची नोटीस तेव्हा आलेलीच नव्हती. न आलेल्या नोटिशीपायी किंमत कोण उतरवेल?

वॉरंटी इन्शुरन्सचीही चौकशी झाली. पण अशी पॉलिसी खरेदीदाराला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी वगळते, आणि इथे मोठी जोखीम नेमकी ठाऊक असलेलीच होती. २४ कोटींच्या व्यवहारात त्या खर्चाचं समर्थनही होत नव्हतं.

कॅप दुप्पट करण्यावर जोर द्यायचा की नाही, हा खरा निर्णयाचा क्षण. संचालकांना ५० टक्के हवे होते, आकडा मोठा दिसतो म्हणून. वकिलांचं म्हणणं पडलं की कॅप २५ टक्क्यांवर सोडून द्यावी आणि त्या बदल्यात सहा जागा दुरुस्त करून घ्याव्यात. विक्रेत्यांच्या घरात ‘२५ टक्के’ हा आकडा प्रतिष्ठेचा झाला होता. तो त्यांना राखू दिला की बाकीच्यावर बोलणं सोपं जाईल. आकड्यांचं पान समोर ठेवल्यावर संचालकांनी ते मान्य केलं.

मुदतीबाबत एक मोह टाळावा लागला. करार कायद्याचं कलम २८ १९९७ मध्ये बदललं तेव्हापासून, ठरावीक मुदत संपताच हक्कच संपवणारी अट तेवढ्यापुरती निरर्थक ठरते. त्या आधारावर “२४ महिने मान्य करू, नंतर न्यायालयात बघू” असं एकाने सुचवलं. पण मुदतीची अट हक्क संपवते की जबाबदारी मुळातच तेवढ्या काळापुरती आहे असं सांगते, हा वाद शब्दरचनेवर ठरतो, आणि तो लढायला वर्षं जातात. मुदत करारातच नीट करून घेणं स्वस्त पडतं.

काय केलं

‘कन्सिडरेशन’च्या व्याख्येत ‘मिळालेली’च्या जागी ‘देय’ आलं. कॅप २५ टक्केच राहिली, पण ६ कोटींची झाली. दोघा भावांची जबाबदारी सामायिक आणि वैयक्तिक झाली. बाई त्यांना मिळालेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपुरत्याच राहिल्या, आणि त्यावर कुणी हट्ट धरला नाही. बास्केट ४० लाखांवर आली आणि पहिल्या रुपयापासूनची झाली. किमान दावा २ लाख, एकाच कारणाचे दावे एकत्र मोजायचे. ‘माहिती’त धाकटा भाऊ आणि मॅनेजर आले, ‘वाजवी चौकशी करून’ हे शब्दही आले.

निधीची चौकशी आणि ते चार पुरवठादार यांच्यासाठी दोन स्वतंत्र विशिष्ट इंडेम्निटी लिहिल्या. जाहीर केलेलं असो वा खरेदीदाराला ठाऊक असो, जबाबदारी राहीलच. बास्केट आणि किमान दावा लागू नाही, आणि मर्यादा पूर्ण किमतीची. ‘कलम ११ खालील सर्व दाव्यांची एकूण मर्यादा’ या वाक्यात ‘विशिष्ट इंडेम्निटी वगळून’ असं घातलं. हे एवढे शब्द विसरले तर विशिष्ट इंडेम्निटी नुसती नावाची राहते, कारण सर्वसाधारण मर्यादा तिलाही गिळते.

कराची मुदत महिन्यांत न ठेवता कायद्याला बांधली: संबंधित कायद्याखाली आदेश काढण्याची मुदत संपल्यानंतर ९० दिवस. क्लोजिंग २०२५ च्या सुरुवातीला होतं, म्हणजे २४ महिने २०२७ च्या सुरुवातीला संपले असते. २०२२-२३ च्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२३. फसवणुकीचा आरोप असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ७४ खाली तिथून पाच वर्षं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आदेश निघू शकतो. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांत खोट्या बिलांचा संशय असला की खातं बहुधा ७४ च लावतं. मूळ मसुद्यात जवळजवळ दोन वर्षं खरेदीदार उघड्यावर होता.

अंतिम आदेशाची अट बदलून, मुदतीत नोटीस दिली की दावा जिवंत राहतो असं केलं, आणि अपिलासाठी भरावी लागणारी रक्कम नुकसानीत धरली. जीएसटीच्या पहिल्या अपिलात वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. ९६ लाखांवर ते ९ लाख ६० हजार होतात, आणि ते कंपनीच्या, म्हणजे आता खरेदीदाराच्या खिशातून जातात.

शेवटी पैशांची जागा. १८ कोटींतले दीड कोटी २४ महिन्यांसाठी एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात ठेवले. पुढच्या ६ कोटींतून थेट वळती करण्याला विक्रेत्यांनी साफ नकार दिला. तडजोड अशी झाली की दावा चालू असेल तर तेवढी रक्कम त्यांना न देता एस्क्रोत भरायची. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या.

निष्पत्ती

भविष्य निर्वाह निधीचा आदेश आला तो ७१ लाखांचा. विशिष्ट इंडेम्निटीखाली ती पूर्ण रक्कम एस्क्रोतून मिळाली. जुन्या मसुद्याखाली एक रुपयाही आला नसता. जीएसटीची कारणे दाखवा नोटीस क्लोजिंगनंतर अकरा महिन्यांनी आली, कलम ७४ चीच. प्रकरण अपिलात गेलं, आधी भरलेले ९ लाख ६० हजार विक्रेत्यांकडून मिळाले आणि उरलेली रक्कम एस्क्रोत अडकवून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र बिघडली. ग्राहकाचा दर्जाबद्दलचा दावा शेवटी ३१ लाखांचा आला. त्याचं पत्र बुटीबोरीच्या कारखान्यात अकाउंटंटच्या टेबलावर पडून राहिलं. नागपूरच्या मुख्य कार्यालयात पोचलं तेव्हा विक्रेत्यांना नोटीस द्यायची ३० दिवसांची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. विक्रेत्यांनी दावा फेटाळला. त्याच सुमारास विजेच्या जुन्या फरकाचे १४ लाख मागायचे होते. दोन्ही मिळून ४५ लाख झाले असते, ४० लाखांची बास्केट ओलांडली असती आणि सगळेच मिळाले असते. ३१ लाख बाद झाल्यावर १४ लाख एकटे बास्केटखाली राहिले. एका उशिरा पोचलेल्या पत्राने दोन्ही दावे पाडले. पुष्कळ बोलणी होऊन २० लाखांवर मिटलं.

काय वेगळं करता आलं असतं

टिपणात दावा करण्याची मुदत होती, नोटीस देण्याची पद्धत नव्हती. किती दिवसांत, कुठल्या पत्त्यावर, ईमेल चालतो की कुरिअरच लागतं, नोटिशीत रकमेचा अंदाज द्यावा लागतो का, हे चारही मुद्दे करारात ‘संकीर्ण’ मथळ्याखाली शेवटून तिसऱ्या पानावर होते. संकीर्ण म्हटलं की वाचणारा सैलावतो.

उशिराचा परिणामही वाटाघाटीत आणायला हवा होता. ‘उशिरामुळे विक्रेत्यांचं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी कमी होईल’ एवढं एक वाक्य मागितलं असतं तर नऊ दिवसांच्या उशिरापायी ३१ लाख गेले नसते. सहा जागांच्या यादीत ही सातवी नव्हती, म्हणून ती कुणी मागितलीच नाही.

आणि टिपण फक्त संचालकांपर्यंत गेलं. दावे जन्माला येतात ते कारखान्यातल्या टपालात. आता त्याच कंपनीत टिपणाचं एक पान, तारखांसह, बुटीबोरीच्या लेखा विभागात भिंतीवर लावलेलं आहे. त्यावर ठळक एवढंच: सरकारी खातं, वीज कंपनी किंवा ग्राहक यांचं जुन्या काळाबद्दलचं कुठलंही पत्र आलं, तर त्याच दिवशी त्याचा फोटो मुख्य कार्यालयाला.